फासा कधी ठेवायचा: ‘पिग’मधला थांबायचा आकडा स्वतः काढण्याची रीत

पिग हा फाशाचा खेळ खेळणाऱ्या बहुतेकांचा थांबायचा आकडा, म्हणजे पाळीत किती गुण झाले की थांबायचं तो, चुकलेला असतो. काही जण मोजून तीनदा फासा टाकतात आणि मिळेल ते पदरात पाडून घेतात. बाकीच्यांना थांबायचं असतं, पण भोवतीचे लोक थांबू देत नाहीत. आमच्या कोल्हापुरात तर हमखास कोणीतरी ओरडतं, ‘टाक की भावा, काय होतंय!’ दोन्ही गटांना विचारलं की आत्ताच का थांबलास किंवा का थांबला नाहीस, तर उत्तर एकच येतं: ‘वाटलं म्हणून.’ हा आकडा वाटण्यावर सोडायची गरज नाही. वहीचं एक पान, पेन आणि सहावी-सातवीचं गणित एवढ्यावर तो निघतो. मात्र पायऱ्यांचा क्रम चुकला की उत्तरही चुकतं, म्हणून खालचा क्रम सोडू नका.

पायरी १: खेळायच्या आधी नियम कागदावर उतरवा

या लेखात धरलेला खेळ असा आहे. फासा एकच. आपल्या पाळीत पाहिजे तितक्या वेळा टाकायचा. २ ते ६ पैकी काही पडलं तर तेवढे गुण हातात येतात. १ पडला की त्या पाळीतले हातातले सगळे गुण जातात आणि फासा पुढच्याकडे. मध्येच ‘बास’ म्हटलं तर हातातले गुण आपल्या खात्यात जमा होतात आणि ते नंतर कोणी काढून घेऊ शकत नाही. आधी १०० गाठणारा जिंकतो.

हे लिहून काढा म्हणतो त्याला कारण आहे. घरोघरी या खेळाचे नियम थोडे वेगळे असतात. कुठे १ ऐवजी ६ वाईट, कुठे १ पडल्यावर वर दंडही भरावा लागतो, कुठे दोन फासे वापरतात. थांबायचा आकडा या नियमांतूनच निघतो, त्यामुळे एका घरचा आकडा दुसऱ्या घरी चालेलच असं नाही. सुट्टीत रंकाळ्याच्या काठावर चुलतभावांबरोबर खेळताना उपयोगी पडलेला आकडा गावाकडच्या मामेभावांकडे फसतो, आणि मग माणूस गणितालाच नावं ठेवतो.

तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. कोणत्या बाजू चांगल्या? कोणत्या वाईट? वाईट बाजू पडली तर नेमकं काय जातं: फक्त हातातलं, की जमा असलेलंही?

पायरी २: जमा गुण आणि हातातले गुण यांचे दोन रकाने करा

सर्वांत जास्त लोक इथे घसरतात. समजा माझे ४५ जमा आहेत आणि या पाळीत १४ हातात आलेत. पुढची फेक फसली तर माझं काय जाईल? बरेच जण मनात ५९ धरतात आणि घाबरून थांबतात. जाणार फक्त १४. ते ४५ आपल्या नियमात सुरक्षित आहेत, म्हणून थांबायच्या हिशेबात त्यांना जागाच नाही.

म्हणून वहीत प्रत्येकाचे दोन रकाने पाडा, ‘जमा’ आणि ‘हातात’. पाळी सुरू झाली की ‘हातात’च्या रकान्यात पेन्सिलीने लिहायचं. बास म्हटलं की ते जमेत पेनाने चढवायचं. १ पडला की पेन्सिलीचं खोडायचं. खेळ थोडा सावकाश होतो, पण निर्णय घेताना डोळ्यांसमोर नेमका हवा तो आकडा राहतो.

सावध: फेकी मोजू नका, हातातले गुण मोजा. तीन फेकींत ६ गुणही हातात येऊ शकतात आणि १८ही. या दोन्ही ठिकाणी एकच निर्णय बरोबर असणं शक्य नाही.

पायरी ३: पुढच्या एका फेकीचा नफा-तोटा मांडा

आता अपेक्षित मूल्य. एखादी गोष्ट खूप वेळा केली तर दर वेळी सरासरी किती मिळेल, तो आकडा म्हणजे अपेक्षित मूल्य. काढायची रीत सोपी आहे: प्रत्येक निकालाला त्याच्या शक्यतेने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची.

हातात काही गुण आहेत असं धरा, त्यांना ‘ह’ म्हणू. आणखी एकदा फासा टाकला तर सहा गोष्टी घडू शकतात आणि प्रत्येकीची शक्यता १/६ आहे. पाच वेळा नफा होतो: २, ३, ४, ५ किंवा ६. त्यांची बेरीज २०. एकदा तोटा होतो, आणि तो पूर्ण ह एवढा. म्हणजे:

सरासरी नफा = २० ÷ ६ = ३.३३
सरासरी तोटा = ह ÷ ६

हातात १४ असतील तर तोटा १४ ÷ ६ = २.३३. नफा ३.३३. म्हणजे ही फेक सरासरी १ गुण मिळवून देते. टाका. हातात २६ असतील तर तोटा ४.३३. म्हणजे फेक सरासरी १ गुण खाते. ठेवा.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, फाशाची सरासरी ३.५ म्हणून नफ्याच्या जागी ३.५ लिहिणं. ती सरासरी १ ते ६ या सगळ्या बाजूंची आहे. आपल्या खेळात १ पडल्यावर एकही गुण मिळत नाही, उलट होते ते जातात. दुसरी चूक, चांगल्या बाजूंची सरासरी ४ (२० ÷ ५) काढणं आणि तीच नफा म्हणून वापरणं. हे ४ सहापैकी पाचच वेळा मिळतात, म्हणून ४ × ५/६, म्हणजे पुन्हा ३.३३.

पडताळा: तुमच्या मांडणीत सहाही निकाल आले का, आणि त्यांच्या शक्यतांची बेरीज बरोबर १ होते का? होत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी ४: बरोबरीचा आकडा काढा

नफा आणि तोटा जिथे सारखे होतात तिथे थांबायची रेघ. २० ÷ ६ = ह ÷ ६, म्हणून ह = २०.

हातात २० पेक्षा कमी असतील तर टाका, जास्त असतील तर ठेवा. नेमके २० असतील तर काहीही करा, सरासरीत फरक शून्य.

दोन्ही बाजूंचा भागिले सहा उडाला हे लक्षात आलं का? त्यातून एक सोपी रीत निघते. एका फाशाच्या अशा खेळात, जिथे वाईट बाजू पडल्यावर फक्त हातातले गुण जातात, थांबायचा आकडा = चांगल्या बाजूंवरच्या गुणांची बेरीज ÷ वाईट बाजूंची संख्या. १ ऐवजी ६ वाईट असेल तर चांगल्यांची बेरीज १ + २ + ३ + ४ + ५ = १५, वाईट बाजू एक, म्हणून १५ वर थांबा. १ आणि २ दोन्ही वाईट असतील तर ३ + ४ + ५ + ६ = १८, त्याला दोनने भागलं की ९. एक वाईट बाजू वाढली आणि आकडा निम्म्याहून खाली आला. म्हणूनच पायरी १ ला नियम लिहायला सांगितलं होतं.

‘पण सलग पाच वेळा १ आला नाही, आता येणारच की!’ हे वाक्य या पायरीवर हमखास कानावर येतं. फाशाला मागचं काही आठवत नसतं. पाच फेकींनंतरही पुढच्या फेकीत १ पडायची शक्यता १/६ च. थांबायचं कारण १ ‘जवळ आला’ हे नव्हे. हातात गमवायला जास्त जमलंय, हे कारण. धोका तेवढाच राहतो, पणाला लागलेलं वाढत जातं. याची उलट बाजूही लक्षात ठेवा: ‘आज माझा हात चालतोय’ म्हणून २८ वर टाकणारा माणूस तीच चूक दुसऱ्या टोकाने करतो.

पायरी ५: एकच फेक पुढे बघून भागतं का, ते तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि या खेळात ती गाळूनही उत्तर बरोबर येतं. पण का येतं ते माहीत नसलं तर दुसऱ्या खेळात फसायला होतं.

शंका अशी: हातात २२ असताना एक फेक तोट्याची आहे, मान्य. पण एका तोट्याच्या फेकीनंतर दोन फायद्याच्या फेकी असल्या तर? या खेळात तसं होऊ शकत नाही. २२ वर टाकून वाचलात तर हातात २४ ते २८ होतात. तिथे पणाला आणखी जास्त लागलेलं असतं, म्हणून पुढची फेक आधीच्यापेक्षाही तोट्याची. रेघ ओलांडल्यावर चांगल्या फेकीने तुम्ही रेघेच्या अलीकडे कधीच परत येत नाही. म्हणून एक फेक पुढे पाहणं पुरतं.

ज्या खेळात सलग चांगल्या फेकींवर बक्षीस आहे, समजा ‘सहादा वाचलास तर २५ गुण जादा’, तिथे हा तर्क मोडतो. तिथे पाचव्या फेकीनंतरची सहावी फेक अचानक मोलाची होते, आणि हातात २० च्या वर असतील तर पाचवी एकटी पाहिली की तोट्याची दिसते. अशा नियमात पुढच्या पायरीतली मागून हिशेब करायची रीतच वापरावी लागते.

पायरी ६: पाळीची खरी किंमत मागून पुढे काढा

थांबायचा आकडा कळला, पण तो चुकवल्याने किती नुकसान होतं? १८ वर थांबणं किती वाईट, आणि १० वर? हे कळल्याशिवाय आकडा पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. यासाठी शेवटाकडून सुरुवात करा.

२० किंवा जास्त हातात असेल तर आपण थांबतो, म्हणून त्या स्थितीची किंमत तेवढीच: २० ची २०, २३ ची २३. आता एक घर मागे या. हातात १९ असताना टाकलं तर २१, २२, २३, २४, २५ किंवा शून्य. बेरीज ११५, भागिले ६, म्हणजे १९.१७. १८ वर टाकलं तर २०, २१, २२, २३, २४ किंवा शून्य: ११० ÷ ६ = १८.३३.

आता १७. इथून २ पडला तर हातात १९ होतील, आणि १९ ची किंमत आपण नुकतीच १९.१७ काढली. म्हणून १९ न लिहिता १९.१७ लिहायचं: (१९.१७ + २० + २१ + २२ + २३) ÷ ६ = १७.५३. असंच एकेक घर मागे येत राहा. वहीत माझे आकडे असे येतात:

हातात १६: किंमत १६.७५
हातात १५: किंमत १६.००
हातात १२: किंमत १३.९९
हातात १०: किंमत १२.७८
हातात ५: किंमत १०.२०
हातात ०, म्हणजे पाळी सुरू होताना: ८.१४

हे कसं वाचायचं? हातात १० असताना ‘बास’ म्हटलं तर १० मिळतात, पण नीट खेळत राहिलात तर सरासरी १२.७८ मिळाले असते. म्हणजे तिथे थांबून जवळजवळ पावणेतीन गुण टाकून दिले. १५ वर थांबलात तर एक गुण. १८ वर थांबलात तर फक्त ०.३३. रेघेच्या दुसऱ्या बाजूलाही तसंच. २२ वर एक फेक टाकली तर सरासरी ०.३३ जातात, २५ वर ०.८३.

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्या: रेघेच्या आसपास चूक स्वस्त आहे, रेघेपासून दूर ती महाग होत जाते. १९ वर टाकायचं की नाही यावर वाद घालणाऱ्यांना मी समजावत बसत नाही. आठ-नऊ गुणांवर खूश होऊन फासा पुढे सरकवणाऱ्याला मात्र पुन्हा वही दाखवतो.

वेगवेगळे आकडे धरून पूर्ण पाळीची सरासरी काढली तरी हेच दिसतं. १० वर थांबायचं ठरवलं तर पाळीमागे ६.८७, १५ वर ७.८५, २० वर ८.१४, ३० वर ७.५८. ‘तीनदा टाकून बास’ म्हणणाऱ्याला ६.९४ पडतात. फेकीच मोजायच्या असतील तर पाच किंवा सहा मोजा. दोन्हींची सरासरी अगदी सारखी, ८.०४ येते, म्हणजे २० च्या नियमापासून ती फार लांब नाही. लहान मुलांना बेरीज जड जात असेल तर त्यांना ‘पाचदा टाक आणि ठेव’ सांगायला हरकत नाही.

संगणकावर पायथन असेल तर हा सगळा हिशेब एवढ्यात होतो:

```python
from functools import lru_cache

def ev(T):
    @lru_cache(None)
    def f(k):
        if k >= T:
            return k
        return sum(f(k + d) for d in range(2, 7)) / 6
    return f(0)

for T in range(10, 31):
    print(T, round(ev(T), 2))
```

यात `T` म्हणजे थांबायचा आकडा आणि `k` म्हणजे हातातले गुण. ६ वाईट असेल तर `range(2, 7)` च्या जागी `range(1, 6)` लिहा.

पडताळा: २० आणि २१ यांच्यासमोर अगदी एकच आकडा यायला हवा, कारण नेमक्या २० वर टाकणं आणि थांबणं सारखंच आहे. तो आला नाही तर कुठेतरी १ ची बाजू विसरली आहे किंवा भागायचं राहिलं आहे.

सावध: २० वर थांबायच्या नियमाने खेळलात तरी सुमारे ६२ टक्के पाळ्यांत हाती शून्यच लागतं. दर पाचांतल्या तीन पाळ्या कोरड्या. सलग तीन-चार पाळ्या रिकाम्या गेल्या की लोक नियम सोडतात आणि १०-१२ वर थांबू लागतात. कोरड्या पाळ्या हा या नियमाचाच भाग आहे. ज्या पाळ्या वाचतात त्या २० ते २५ देऊन जातात आणि सरासरी तिथेच भरून निघते.

पायरी ७: घरचा नियम वेगळा असेल तर रेघ पुन्हा आखा

साधा दंड असेल तर काम सोपं आहे. समजा १ पडला की हातातले जातातच, वर जमेतून ५ कापतात. आता तोटा ह + ५. बरोबरी २० = ह + ५, म्हणून १५ वर थांबा.

दोन फाशांचा खेळ जरा सविस्तर बघू, कारण त्यात बहुतेक घरी एक जास्तीचा नियम असतो: एका फाशावर १ आला तर हातातले जातात, आणि दोन्हींवर १ आला तर हातातलं आणि जमा सगळंच शून्य.

दोन फाशांचे निकाल ३६. दोन्हींवर २ ते ६ पैकी काही येणारे ५ × ५ = २५. उरलेल्या ११ मध्ये कुठे ना कुठे १ असतो, आणि त्या ११ पैकी एक निकाल दोन एकांचा. २५ चांगल्या निकालांत बेरजेची सरासरी ८, कारण प्रत्येक फाशाची ४. म्हणून नफा २५ × ८ = २००, भागिले ३६. तोटा: ११ वेळा हातातले ह जातात, आणि त्यांतल्या एका वेळी जमाही जातात. जमा गुणांना ‘ज’ म्हटलं तर:

२०० = ११ × ह + ज
थांबायचा आकडा = (२०० − ज) ÷ ११

पायरी २ मध्ये जमा गुणांना हिशेबात जागा नाही म्हटलं होतं. इथे ती आहे, कारण इथे तेही पणाला लागतात. खात्यात काही नसेल तर रेघ १८.१८ वर, म्हणजे १८ असताना टाका आणि १९ झाले की ठेवा. ३५ जमा असतील तर रेघ १५ वर येते. ५७ असतील तर १३ वर. श्रीमंत झालात की लवकर थांबायचं, हे या नियमात नुसतं भित्रेपण नाही, त्यामागे हिशेब आहे. दोन एकांची शक्यता ३६ त एक एवढीच असते, म्हणून बरेच जण तिला शून्य धरतात. ५७ जमा असताना ती एकटी रेघ पाच गुणांनी खाली ओढते.

सावध: काही घरी जोडी पडली, समजा ४-४, तर पुन्हा टाकणं सक्तीचं असतं. मग ‘ठेवतो’ म्हणायची सोयच त्या वेळी नसते आणि वरचा हिशेब तसाच लागू पडत नाही. जोडीच्या निकालांपुढे नुसती बेरीज न लिहिता सक्तीच्या पुढच्या फेकीनंतरची किंमत लिहावी लागते.

पायरी ८: शेवट जवळ आला की गुण सोडा, जिंकण्याची शक्यता मोजा

आतापर्यंत आपण पाळीमागचे सरासरी गुण वाढवत होतो. पण खेळ जिंकतो तो आधी १०० गाठणारा, जास्त सरासरीवाला नव्हे. सुरुवातीला या दोन गोष्टी जवळजवळ सारख्याच असतात. शेवटी त्या वेगळ्या होतात, आणि २० चा नियम पाठ केलेले लोक नेमके तिथे हरतात.

पुन्हा एका फाशाच्या मूळ खेळाचं उदाहरण घेऊ. तुमचे ६८ जमा, २२ हातात. समोर वहिनी ९६ वर बसल्या आहेत. २० चा नियम म्हणतो ठेवा, ९० होतील. ठेवलं तर काय होईल?

वहिनींना ४ हवेत. पहिल्याच फेकीत ४, ५ किंवा ६ पडला तर त्या जिंकल्या. २ किंवा ३ पडला तर त्या पुन्हा टाकतील. त्यांची त्या पाळीत जिंकायची शक्यता मागून पुढे काढू. १ किंवा २ गुण हवे असतील तर शक्यता ५/६. म्हणून ४ हवे असताना (५/६ + ५/६ + १ + १ + १) ÷ ६ = ०.७८. म्हणजे तुम्ही ठेवलं तर १०० तल्या ७८ वेळा डाव तिथेच संपतो. तुमच्याकडे उरतात जास्तीत जास्त २२, आणि तेही पुढच्या पाळ्यांत तुम्ही नक्की जिंकाल असं धरलं तर.

न ठेवता १०० होईपर्यंत टाकत राहिलात तर? तुम्हाला आणखी १० हवेत. हीच मागून पुढे रीत १० पर्यंत नेली की शक्यता ०.५९ येते. ५९ विरुद्ध जास्तीत जास्त २२. गुणांच्या हिशेबात २२ वर टाकणं ०.३३ चा तोटा, पण जिंकण्याच्या हिशेबात ठेवणं ही मोठी घोडचूक.

पडताळा: शेवटच्या टप्प्यात निर्णयाआधी दोन आकडे शेजारी लिहा. मी ठेवलं तर समोरचा पुढच्या पाळीत संपवण्याची शक्यता किती, आणि मी टाकत राहिलो तर याच पाळीत मी संपवण्याची किती. दुसरा आकडा ‘१ वजा पहिला’ यापेक्षा मोठा असेल तर विचार करू नका, टाका.

दर वेळी हा हिशेब नको असेल तर अमेरिकेतल्या गेटिसबर्ग कॉलेजचे टॉड नेलर आणि क्लिफ्टन प्रेसर यांनी दोघांच्या खेळासाठी दिलेला एक सोपा नियम वापरा. दोघांपैकी कोणाचेही जमा ७१ किंवा जास्त असतील तर १०० होईपर्यंत टाकत राहा. नसतील तर समोरच्याचे जमा वजा आपले जमा करा, ८ ने भागा, जवळच्या पूर्णांकात आणा आणि २१ मध्ये मिळवा. तो थांबायचा आकडा. आपले ३०, समोरचे ५४ असतील तर फरक २४, भागिले ८ म्हणजे ३, म्हणून २४ वर थांबा. मागे पडलात म्हणून थोडं ताणायचं. उलट आपले ५४ आणि समोरचे ३० असतील तर उणे ३, म्हणून १८ वर थांबा.

हा नियम दोघांच्या, एका फाशाच्या, १०० गुणांच्या डावाचाच आहे. तीन-चार जण खेळत असतील, डाव ५० चा असेल किंवा दोन फासे असतील तर ७१ आणि ८ हे आकडे लागू पडत नाहीत. तिथे मधल्या डावात पायरी ४ किंवा ७ ची रेघ वापरा, आणि कोणीही एका पाळीत संपवू शकेल इतका जवळ आला की वरचे दोन आकडे लिहायला घ्या. समोरचे अनेक असतील तर पहिल्या आकड्यात सगळ्यांना धरायचं: तुमची पाळी पुन्हा येईपर्यंत त्यांच्यापैकी कोणीतरी संपवण्याची शक्यता. दोघे प्रत्येकी ९६ वर असतील तर दोघेही चुकण्याची शक्यता ०.२२ × ०.२२, म्हणजे पाच टक्क्यांच्याही आत, आणि मग हातात कितीही असोत, फासा टाकायचाच.